आमची वाटचाल: तासगाव शाखेच्या उद्घाटनाचं मनोगत

नमस्कार मंडळी.

आजची फीत सावळजच्या दादांनी कापली. कुणी पुढारी का बोलावला नाही, असं सकाळपासून चार-पाच जणांनी विचारलं. तासगावात आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान उभं राहिलं ते दादांच्या पाण्याच्या एका मोटारीमुळे. ती हकीकत आज सगळ्यांसमोर सांगायची म्हणूनच मी बोलायला उभा आहे.

तेव्हा आमचं एकच शॉप होतं, सांगलीत कुपवाड रस्त्याला. एप्रिलची छाटणी नुकतीच झालेली. दादा साडेसात एचपीची सबमर्सिबल टेम्पोत घालून घेऊन आले. त्याच हंगामात ती दुसऱ्यांदा जळली होती. पहिल्यांदा दुसरीकडे नव्या तारेने भरून घेतली होती, आठवड्यातच पुन्हा गेली. बोअर चारशे फूट खोल. मोटार काढायची म्हणजे गाडी बोलवा, चार माणसं लावा, एकेक पाइप वर घ्या, आणि भरून आल्यावर तेवढंच काम उलटं करून खाली सोडा. बाग छाटलेली, डोळे फुटायच्या बेतात आणि पाणी बंद. द्राक्षवाल्याला त्या दिवसांत जेवण गोड लागत नाही, हे इथं बसलेल्यांना मी सांगायला नको.

आमच्याकडे एक रीत पहिल्यापासून आहे. जळालेलं वायंडिंग उपसायच्या आधी ते नीट बघायचं आणि मोटार का जळली हे चिठ्ठीवर लिहायचं. जळालेली तार बरंच काही सांगते. सगळं वायंडिंग सारखंच काळं पडलं असेल तर मोटारीवर लोड जास्त आला, पंप जाम झाला किंवा व्होल्टेज फार खाली गेलं. एकाच जागी भोक पडल्यासारखं जळलं असेल तर तिथं तारेचं आवरण फाटलं होतं. आणि स्टार कनेक्शनच्या मोटारीत दोन फेजच्या कॉइल कोळसा झाल्या असतील आणि तिसरीच्या नव्यासारख्या असतील, तर एक फेज गेली होती आणि उरलेल्या दोन फेजवर मोटार ओढत राहिली. दादांची मोटार तशीच होती. दोन फेज काळ्या, एक स्वच्छ.

मी दादांना म्हणालो, "मोटार भरून देतो, पण दोष मोटारीत नाही. तो काढला नाही तर ही तिसऱ्यांदा जळेल." दादा वैतागले. वायरमनने बघितलंय, तिन्ही फेज बरोबर आहेत, म्हणाले. वायरमनचंही खोटं नव्हतं. मोटार बंद असताना टेस्टर लावला की तिन्ही फेज दिसणारच.

मोटार सोडली त्या दिवशी आमचे मिस्त्री मामा आणि मी रानात गेलो. मोटार चालू केली, टंग टेस्टर लावला. तिन्ही फेजला सारखे अँपिअर. लोक म्हणाले, झालं, चला जेवायला. मामा हलले नाहीत. पेटीशेजारी बसून राहिले आणि थोड्या थोड्या वेळाने वाचत राहिले. अर्ध्या तासाने एका फेजचा आकडा उतरायला लागला आणि बाकीचे दोन चढायला लागले. मामांनी बटण दाबून मोटार बंद केली, मेन स्विच पाडला आणि किटकॅट फ्यूज एकेक उपसून बघितले. मधल्याच्या पितळी जिभा निळ्या-काळ्या पडल्या होत्या आणि चिनीमाती तडकली होती. गार असताना तिथं संपर्क व्हायचा, तापला की सुटायचा. मोटार बंद झाली की पुन्हा गार, पुन्हा सगळं ठीक. त्या किटकॅटची किंमत एका माणसाच्या दिवसाच्या हजेरीएवढीही नव्हती, आणि त्याच्यापायी मोटार दोनदा जळली.

मग प्रश्न उरतो की एक फेज गेली की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर काय करत होता? तो पेटीत होता, पण त्याच्या तारा काढून डायरेक्ट जोडलेल्या होत्या. रात्रपाळीच्या लाइटला सारखा ट्रिप व्हायचा म्हणून कुणीतरी जोडल्या असणार. ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी आहे. प्रिव्हेंटर ट्रिप होतो तेव्हा तो बिघडलेला असतो असं धरून चालू नका. बहुतेक वेळा त्याला काहीतरी दिसलेलं असतं.

दादांनी त्या दिवशी किटकॅट बदलले, प्रिव्हेंटर जोडून घेतला. त्यानंतर सावळज भागातली जळालेली मोटार सांगलीला निघाली की दादा फोन करून आधी सांगायचे, "चिठ्ठी लिहिल्याशिवाय उपसू नका." तासगाव तालुक्यातलं आमचं गिऱ्हाईक असं वाढलं. आम्ही जाहिरात कधी केली नाही.

आता आमच्या माणसांबद्दल.

मिस्त्री मामांचं वर सांगितलंच. पण सबमर्सिबल भरायचं काम ज्या दोघी करतात, त्यांच्याबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण गिऱ्हाइकाला त्या दिसत नाहीत. साध्या मोटारीची कॉइल फर्म्यावर गुंडाळून खाचेत बसवता येते. पाण्यात चालणाऱ्या मोटारीचं तसं नाही. तिची तार प्लास्टिकच्या आवरणाची, जाड, आणि खाच तोंडाशी जवळजवळ बंद. त्यामुळे एकेक वेढा आरपार ओवावा लागतो. स्टेटर, म्हणजे खाचांचा तो भाग, दोघींच्या मधोमध आडवा ठेवून मामी एका बाजूला बसतात, ताई दुसऱ्या बाजूला. मामी तार सारतात, ताई ओढून घेतात आणि पुढच्या खाचेतून परत देतात. दोघी मोठ्याने वेढे मोजतात. मोजणी चालू असताना त्यांना कुणी हाक मारत नाही, मालकानेसुद्धा नाही. तार ओढताना खाचेच्या कडेला जराशी घासली, नखाएवढा ओरखडा उठला, तरी चारशे फुटांवर पाणी तिथूनच आत शिरतं. म्हणून भरलेला स्टेटर आम्ही रात्रभर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतो आणि सकाळी त्याच पाण्यात मेगर लावून आवरण शाबूत आहे का बघतो. मामी-ताईंनी भरलेला स्टेटर टाकीतून काढून परत भरायची वेळ क्वचितच येते. तुमची मोटार वर्षानुवर्षं खाली चालते त्याचं श्रेय या दोघींच्या बोटांना आहे. मामी, ताई, जरा उभ्या राहा. सगळ्यांना बघू दे.

दुसरं सांगायचं ते 2019 च्या ऑगस्टचं. सांगलीला धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. नदीकाठच्या मोटारी वर ओढून घ्यायलाही लोकांना सवड मिळाली नाही. आमचं शॉप उंचावर, आत पाणी आलं नाही. पण आमच्या पोरांपैकी कित्येकांच्या घरात पाणी होतं. बायका-मुलांना नातेवाइकांकडे पोचवून ती पोरं कामावर आली.

पाणी ओसरताच मोटारींची रांग लागली. आधी आम्ही ओळखीच्या सगळ्यांना फोन करून एकच सांगितलं: लाइट आली तरी बटण दाबू नका. बुडालेली मोटार जळालेली नसते. ती ओली असते. ओली असतानाच लाइट दिली की मग जळते. न जळलेली मोटार वाळवून घेता येते आणि रिवायंडिंगचा खर्च वाचतो.

वाळवायचीही पद्धत आहे. मोटार उघडून आधी स्वच्छ पाण्याने वायंडिंग धुवायचं, कारण पुराचा गाळ कॉइलमध्ये बसला की तो ओल धरून ठेवतो. बेअरिंग सरसकट नवीन टाकायचे. मग भट्टीत घालायचं, पण शंभर डिग्रीच्या खाली. घाई करून जास्त तापवलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन आवरण फाटतं. मेगरचा आकडा आधी खाली जातो. नवखा माणूस तिथं घाबरतो. ओल आतून सुटायला लागली आणि वायंडिंग तापलं की तसं होतंच. पुढे तो चढायला लागतो आणि शेवटी एका जागी ठरतो. ठरला म्हणजे वाळलं. मग गरम असतानाच व्हार्निश द्यायचं आणि पुन्हा भट्टी. आमची भट्टी लहान होती. पोरांनी पत्र्याच्या पेट्या करून आत दोनशे वॉटचे बल्ब लावले, जनरेटरवर चालवले आणि रात्री पाळी लावून आकडे लिहिले. त्या वह्या अजून शॉपमध्ये आहेत.

त्या रांगेत पहिला नंबर कसबे डिग्रजच्या आप्पांचा होता. आप्पा आमचं अगदी पहिलं गिऱ्हाईक. शॉपला धड बोर्डही नव्हता तेव्हा विश्वासाने मोटार सोडून गेलेला माणूस. त्यांनी रांगेत मागं बघितलं आणि म्हणाले, "ऊस अजून पाण्यात उभा हाय, माझ्या मोटारीची घाई काय? आधी पिण्याच्या पाण्याच्या भरा." एवढं बोलून त्यांनी मोटार बाजूला काढून ठेवली. त्यांचं बघून मागच्यांनीही काढल्या. गावांच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारी आधी गेल्या, दूध डेअऱ्यांच्या त्यानंतर, आणि आप्पांची जवळजवळ शेवटी. त्या दिवसांत शॉपवर एकदाही भांडण झालं नाही. आप्पा आज आले आहेत, पुढच्या रांगेत बसले आहेत. आप्पा, तुम्ही रांग लावून दिली म्हणून आमच्या पोरांना ते काम धडपणे करता आलं. हात जोडतो.

आता या दुकानाचं. इथली जबाबदारी आमच्याकडे झाडलोट करायला आलेल्या आणि मामांच्या हाताखाली वायंडर झालेल्या पोरावर आहे. पुराच्या वह्यांतलं निम्मं अक्षर त्याचंच. सबमर्सिबल भरायचं काम अजून सांगलीलाच होईल, कारण मामी-ताईंसारखी जोडी इथं तयार व्हायला वेळ लागणार. साध्या मोटारी, स्टार्टर, पॅनेल इथंच होतील. सबमर्सिबलची गाडी रोज संध्याकाळी सांगलीला जाईल आणि सकाळी भरलेल्या मोटारी घेऊन येईल. छाटणीच्या हंगामात बदली मोटार देता यावी म्हणून पाच आणि साडेसात एचपीच्या काही मोटारी इथं ठेवल्या आहेत. त्या द्राक्षवाल्यांना आधी मिळतील, हे आजच सांगून ठेवतो.

एक विनंती. मोटार आणताना पेटीतला स्टार्टर, किटकॅट आणि केबलचा जॉइंट कापलेला तुकडा सोबत आणा. नुसती मोटार आली तर कारण अर्धंच कळतं. आणि चिठ्ठीवर जे लिहून देऊ ते वायरमनला दाखवा, खिशात ठेवू नका.

मागच्या मांडवात जेवण तयार आहे. आप्पा, दादा, मामा-मामी पहिल्या पंगतीला. वाढायला आम्ही आहोत.