2018 ची स्विफ्ट, पण कुठली?

आज मावसभावाला स्विफ्टच्या दारांना व्हायझर ऑनलाइन मागवायचे होते. पावसात काच थोडी खाली ठेवता येते, म्हणून. ऑर्डरच्या पानावर त्याने मॉडेल स्विफ्ट, वर्ष 2018 निवडलं आणि पैसे भरायला निघाला. म्हटलं, "थांब भावा, आधी आरसी दाखव."

आरसीवर नोंदणी जानेवारी 2018 ची, पण उत्पादनाचा महिना नोव्हेंबर 2017. नवी स्विफ्ट बाजारात आली फेब्रुवारी 2018 मध्ये. म्हणजे याची गाडी 2011 साली आलेल्या जुन्या बॉडीची. दोन्हींच्या खिडक्यांचा आकार वेगळा, त्यामुळे नव्याचे व्हायझर जुन्या चौकटीवर नीट बसणार नाहीत.

खात्री करायची सोपी खूण मागच्या दारावर आहे. जुन्या स्विफ्टला हँडल नेहमीच्या जागी, दाराच्या पत्र्यावर असतं. 2018 च्या नव्या बॉडीला ते वर, खिडकीच्या मागच्या काळ्या पट्टीत लपवलंय. पार्किंगमध्ये जाऊन बघितलं, हँडल पत्र्यावरच!

मग वर्ष बदलून 2017 चा सेट मागवला, तोही विक्रेत्याला आरसीतला महिना आणि मागच्या दाराचा फोटो पाठवून, त्याचा होकार आल्यावर. (विक्रेते "2011 ते 2018" असं मोघम लिहितात, वैताग नुसता.)

पार्सल आल्यावर टेपचा कागद न काढता व्हायझर चारही दारांना नुसता धरून बघ म्हणून सांगितलंय. एकदा चिकटवला की परत कोण घेतोय?