तुम्ही विचारलंत म्हणून: पगार थांबेल तेव्हा हप्ता कोण भरणार?

"ताई, बी.एस्सी. नर्सिंगचं कर्ज चालू आहे, तीन वर्षांनी एम.एस्सी. करायचंय. एसआयपी किती रुपयांची लावू?"

एकही नाही. तीन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवायचा नसतो. प्रवेशाच्या महिन्यातच बाजार पडला तर थांबायला वेळ नसतो. हे सांगितलं की मला जुन्या विचारांची म्हणतात. म्हणोत. आधी कागद घ्या.

समजा हातात पगार येतो २४,००० रुपये. खोली, मेस आणि घरी पाठवायचे मिळून १२,००० गेले. तीन लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत, म्हणजे हप्ता साधारण ६,४५०. उरले ५,५५०. पहिले दहा महिने ते बचत खात्यात किंवा एफडीत टाका. खर्च आणि हप्ता धरून ही तीन महिन्यांची सोय झाली. ही रक्कम कर्जात भरायची नाही, कारण तिथे गेलेला पैसा परत काढता येत नाही.

आता तो महिना बघा, जो कुणीच कागदावर मांडत नाही. छत्तीस हप्ते झाले, नोकरी सोडली, एम.एस्सी. सुरू झाली. कोर्स दोन वर्षांचा आणि हप्तेही नेमके चोवीस उरलेले. पगार शून्य आणि दर महिन्याला ६,४५० द्यायचे, म्हणजे एकूण १,५४,८००. फी अजून यात धरलेलीच नाही. हप्ते थकले की क्रेडिट स्कोअर घसरतो आणि नवं शैक्षणिक कर्ज मागायला जाल तेव्हा तोच आडवा येतो.

म्हणून अकराव्या महिन्यापासून ते ५,५५० मुद्दलात भरा. कर्ज पस्तिसाव्या महिन्यात संपतं. बँकेला लेखी सांगा: रक्कम मुद्दलातून वजा करा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. नाहीतर ती पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहते. स्टेटमेंटमध्ये लगेच कळतं: एकदा ५,५५० भरले की पुढच्या महिन्याचं व्याज एरवीपेक्षा सुमारे ४९ रुपयांनी जास्त उतरलं पाहिजे. नसेल उतरलं तर शाखेत जा. दर बदलता असेल तर मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही.

पूर्वी मी सगळ्यांना आरडीच सांगत असे, आणि ते अगदीच चूक होतं असं आजही वाटत नाही. साडेसहा टक्क्यांच्या आरडीत अकराव्या ते छत्तिसाव्या महिन्यापर्यंत, म्हणजे सव्वीस महिने, तेच ५,५५० टाकून छत्तिसाव्या महिन्यात कर्ज एकरकमी फेडलंत, तर साधारण सात हजारांचा तोटा होतो. पण तोवर पैसा तुमच्या हातात असतो. प्रवेशाची खात्री नसेल किंवा घरी कुणी आजारी असेल तर सात हजार मला जास्त वाटत नाहीत.

फीचं काय? या पगारात ती यातून निघत नाही. आपत्कालीन पैसे फीला लावायचे की नवं कर्ज काढायचं, याचं एकच उत्तर सगळ्यांना मी देऊ शकत नाही. जुनं कर्ज मिटलेलं असेल, तर दुसरा पर्याय निदान उघडा राहतो.