व्याजाचा हप्ता स्वस्त पडला तो दिवस

घरगुती उपकरणांच्या दुकानात हप्त्यांची कागदपत्रं करण्याचं काम माझ्याकडे आहे. त्या दुपारी एक ताई फ्रिज पसंत करून माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, ''नो-कॉस्टच करा. व्याज भरायला मी काही वेडी नाही.''

फ्रिजची किंमत ३६,०००. नो-कॉस्टमध्ये ३,००० चे १२ हप्ते आणि ५०० प्रोसेसिंग फी. म्हणजे एकूण ३६,५००.

आमच्याकडे बहुतेक जण इथेच सही करतात, आणि खरं सांगायचं तर दुकानालाही तेच हवं असतं. पण या फ्रिजवर रोखीची ३,००० सूट होती आणि नो-कॉस्ट घेतलं की ती मिळत नव्हती. व्याज माफ झालेलं नसतं. सुटीच्या जागी बसलेलं असतं. व्याजाच्या योजनेत मात्र कर्ज सूट वजा करून, ३३,००० चंच होत होतं. दर वर्षाला १४ टक्के, फी २००.

ताईंनी लगेच मोबाइलवर गुणाकार केला. ''३३,००० वर १४ टक्के म्हणजे ४,६२०. झाले ३७,६२०. बघा, महागच!''

हिशोब बिनचूक होता, पण तो वर्षभर पूर्ण ३३,००० वापरायला मिळाले तर. इथे दर महिन्याला मुद्दल थोडं फिटतं आणि व्याज फक्त उरलेल्या रकमेवर लागतं. मी त्यांना टक्केवारी बाजूला ठेवायला सांगितलं आणि स्क्रीनवरचा हप्ता दाखवला : २,९६३. बाराने गुणले तर ३५,५५६. फी धरून ३५,७५६. नो-कॉस्टपेक्षा ७४४ कमी. दर सरसकट, म्हणजे वर्षभर पूर्ण रकमेवर असता, तर हप्ता ३,१३५ दिसला असता. हप्ता पाहिला की व्याज कुठल्या पद्धतीचं आहे ते लपत नाही. पत्रकावर टक्का मोठ्या अक्षरात असतो आणि पद्धत बारीक अक्षरात, म्हणून मी तरी हप्त्यावरच भरवसा ठेवतो.

ताई जरा गप्प झाल्या. मग त्यांनी विचारलं, ''१८ महिने केले तर हप्ता अजून उतरेल ना?''

उतरतो, २,०४३ होतो. पण अठराने गुणून फी मिळवली की ३६,९७४, म्हणजे नो-कॉस्टच्याही वर. मुदत वाढली आणि सुटीतून मिळालेला फायदा व्याजाने खाऊन टाकला. आणि रोखीची सूट १,००० च असती, तर १२ महिन्यांतही नो-कॉस्टच स्वस्त पडलं असतं. त्यामुळे एका गिऱ्हाइकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

त्यांनी १२ महिन्यांची व्याजाची योजना घेतली. सहीआधी हप्त्यांचं वेळापत्रक छापून मागितलं, सगळ्या हप्त्यांची बेरीज स्वतः केली आणि मग हप्ता चुकला तर दंड किती, हे विचारलं. तो प्रश्न खरं तर मीच आधी काढायला हवा, पण गिऱ्हाईक फारसं विचारत नाही.