करंगळीला मुंग्या येत नव्हत्या

रात्री दोन-अडीचला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायची. हात झटकला की बरं वाटायचं. चार महिने मी हे अंगावर काढलं. इतकी वर्षं शिवणकाम आणि आरीकाम करतेय, हात दुखणारच, असं धरून चालले होते. मग एकदा काज करताना सुई बोटांतून निसटली आणि ती पडल्याचं मला कळलंच नाही. तेव्हा घाबरले.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "करंगळीला मुंग्या येतात का?" नव्हत्या येत. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढंच बधिर व्हायचं. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि एक नस जाते. मनगट सतत वाकलेलं राहिलं की नस दबते. करंगळीची नस या बोगद्यातून जातच नाही. नस दबण्याच्या या त्रासालाच कार्पल टनेल म्हणतात. नसेची तपासणी केली तर दाब मध्यम निघाला. साखर आणि थायरॉइडही तपासलं, कारण त्यांच्यामुळेही हे होतं. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा अजून भरलेला होता, म्हणून ऑपरेशन लगेच नको म्हणाले. तो बसायला लागला तर मात्र लगेच या, असं बजावलं.

रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा सहा आठवडे बांधायचा होता. मी हुशारी करून तो दिवसाही बांधला. मनगट वळेना, त्यामुळे कात्री चालवताना खांदा उचलला जायचा आणि आठवड्यात मान धरली. मग दिवसा काढून ठेवला.

खरं कारण मुलीने काढलेल्या व्हिडिओत दिसलं. आरीची फ्रेम मांडीइतकी खाली होती. मी पाठीला बाक काढून बसले होते, मनगट खाली मुडपलेलं आणि आरीची बारीक मूठ चिमटीत घट्ट आवळलेली. फ्रेम कोपरापेक्षा जरा खाली येईल एवढी उचलली आणि पलीकडची बाजू थोडी वर केली. आरीच्या मुठीवर कापडी पट्टी गुंडाळून ती जाड केली. पकड सैल झाली ती याच पट्टीमुळे. कात्रीला धार लावून घेतली, आता उभ्याने, उंच टेबलावर बेतते.

कामात मधेमधे थांबणं मात्र जमेना. मशीनवर बॉबिन संपली की उठायचं, हे सोपं गेलं. आरीकामात बॉबिन नसते आणि एक पान भरता भरता तास जातो. म्हणून अर्ध्या तासाचा गजर लावते आणि वाजला की वेल अर्धवट सोडून उठते, दोन मिनिटं हात सैल सोडून चालते. आधी फार जिवावर यायचं.

तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा रात्रभर झोप लागली. बोटांच्या टोकांना सुई पुन्हा नीट जाणवायला अडीच महिने लागले. जाड कापडाचे चार थर एकदम कापले तर संध्याकाळी मुंग्या अजूनही येतात, म्हणून दोन-दोन थरच कापते.