निळं हायड्रेंजिया आणि कुंडीतली माती (जी माती नाहीच)

कुंडीतलं हायड्रेंजिया गिफ्ट म्हणून घरात आलं की पहिल्या संध्याकाळी सगळे त्याचा फोटो काढतात आणि दुसऱ्या दुपारी सगळे त्याच्याभोवती उभे राहून "अरे, याला काय झालं?" म्हणतात. कोमेजणं ही सगळीच झाडं करतात, पण याच्याइतकं नाटक कोणी करत नाही. सकाळी ताठ असलेले फुलांचे गेंद दुपारी मान टाकून लोंबत असतात, पानं ओल्या फडक्यासारखी, आणि ज्याने दिलं तो माणूस नेमका त्याच दिवशी घरी येणार असतो.

मावशीला असंच एक मिळालं होतं. निळं, म्हणजे अगदी दाट निळं, चकचकीत कागदात गुंडाळलेलं. तिने कोमेजलेलं बघून लगेच पाणी घातलं, पाणी खालच्या बशीत आलं, म्हणजे पोटभर मिळालं असं समजून ती निश्चिंत झाली. तासाभराने बघते तर झाड तसंच. मग तिने मला फोन केला की अगं पाणी तर घातलंय, आता अजून काय करू. मी म्हटलं कुंडी उचलून बघ, जड लागतेय की हलकी. हलकी होती, अगदी रिकाम्या डब्यासारखी.

इथे गंमत अशी आहे की या कुंडीत आपण जिला माती म्हणतो ती बहुतेक वेळा नसतेच. नर्सरीवाले विकायची झाडं पीट मॉसच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या, मिक्समधे वाढवतात, वजनाला हलकं, पाणी भरपूर धरणारं, एकसारखं. ओलं असेपर्यंत उत्तम. पण हे पीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी झिडकारायला लागतं. वरून ओतलेलं पाणी आत न शिरता कुंडीची कड आणि सुकून आक्रसलेला मुळांचा गोळा यांच्या मधल्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि बशीत जमतं. बशी भरलेली, गोळा कोरडा. वर झाडाचा पसारा बघा, तळव्याएवढी मोठी पातळ पानं आणि फुलांचे चार-पाच गेंद, आणि या सगळ्याला पाणी पुरवायला एक छोटी कुंडी. नर्सरीच्या दमट हवेत हे जमून जायचं, घरातल्या कोरड्या हवेत, त्यात पंखा किंवा हीटर चालू असेल तर पानांतून उडणारं पाणी मुळं भरून काढूच शकत नाहीत.

उपाय साधा आहे, फक्त घाई करायची नाही. कागद काढून टाकायचा, कुंडी बादलीत ठेवायची, पाणी कुंडीच्या काठापर्यंत येईल इतकं, कोमट किंवा साधं. कुंडी तरंगायला लागली तर हाताने दाबून धरायची, बुडबुडे येतात ते थांबेपर्यंत ठेवायचं, अर्धा तास लागतो साधारण. मग बाहेर काढून सगळं जादाचं पाणी निथळू द्यायचं आणि झाड उन्हातून हलवून थंड, उजेडाच्या जागी ठेवायचं. पानं काही तासांत उठतात. फुलं उशिरा उठतात आणि फार वेळ कोरडी राहिली असतील तर कडा तपकिरी होतात, त्या काही परत येत नाहीत. मावशीचं झाड रात्रीपर्यंत उभं राहिलं, फक्त एक गेंद गेला.

आता याच्या अगदी उलट केस पण असते आणि ती दिसायला हुबेहूब अशीच दिसते, म्हणून लोक फसतात. तो सुंदर कागद किंवा भोकं नसलेली शोभेची बाहेरची कुंडी, त्यात पाणी साठतं, मुळं त्यात बसून कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून झाड पाण्यात बसूनही तहानलेलं. माणूस बघतो कोमेजलंय, अजून पाणी घालतो. म्हणून आधी उचलून बघायचं, बोट घालून बघायचं. जड आणि ओलं असून मान टाकली असेल तर पाणी बंद, आणि गोळा हलकेच बाहेर काढून मुळं बघायची. पांढरी किंवा फिकट असतील तर आशा आहे, तपकिरी, मऊ, वास येणारी असतील तर फारशी नाही. तिसरा प्रकार निरुपद्रवी: कुंडी ओली आहे, मुळं ठीक आहेत, फक्त भर दुपारच्या उन्हात पानं लोंबली आणि संध्याकाळी आपोआप उठली. तिथे काहीच करायचं नाही, सावलीत सरकवायचं बस.

पुढच्या मोसमात खरी गोष्ट सुरू झाली. मावशीने फुलं संपल्यावर ते मोठ्या कुंडीत हलवलं, तिच्याकडे थंडीही पुरेशी पडते (कळ्या धरायला याला थंडावा लागतो, नाहीतर नुसती पानं येतात), आणि झाड फुललं. गुलाबी. तिला वाटलं कोणीतरी झाडच बदललं.

झाड तेच, आणि रंगद्रव्यसुद्धा तेच. गुलाबी आणि निळ्या हायड्रेंजियात रंग देणारं द्रव्य एकच असतं, डेल्फिनिडिन नावाच्या कुळातलं. (आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नसतातच, ती निदलं असतात, म्हणजे कळीला झाकणारी पानं, इथे ती मोठी आणि रंगीत झालेली. खरं फूल मधे बारीकसं असतं.) या द्रव्याजवळ अल्युमिनियम पोचलं की ते त्याला पकडतं, पेशीतली आणखी काही द्रव्यं त्यांना साथ देतात, आणि रंग निळा दिसतो. अल्युमिनियम नाही पोचलं तर गुलाबी. अर्धवट पोचलं तर जांभळा, किंवा एकाच गेंदात दोन्ही.

मग हायड्रेंजियाचा रंग अॅसिडिटीवर ठरतो असं म्हणतात, ती अॅसिडिटी कुठे आली? ती मातीत, फुलात नाही. जमिनीत अल्युमिनियम भरपूर असतं, पण ते खनिजांत अडकलेलं. मातीचा पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की ते पाण्यात विरघळायला लागतं आणि मुळांना मिळतं. 6.5 च्या आसपास किंवा वर ते पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात बसून राहतं. म्हणून आम्लधर्मी मातीत निळं, चुनखडीच्या मातीत गुलाबी. शाळेत लिटमस शिकलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, तिथे आम्लात लाल व्हायचं ना! पण झाड काही लिटमस नाही, ते मातीचा पीएच मोजत नाही, त्याला किती अल्युमिनियम हाती लागलं एवढंच सांगतं. गंमत म्हणजे निळ्या निदलांतल्या रंगीत पेशींचा रस गुलाबीपेक्षा थोडा कमी आंबट असतो.

आणि इथे ते पीट परत येतं. पीट स्वतः चांगलंच आम्लधर्मी असतं, म्हणजे पुस्तकी हिशोबाने त्यातलं प्रत्येक हायड्रेंजिया निळं असायला हवं. पण त्यात खनिज माती नाही, म्हणजे विरघळायला अल्युमिनियमच नाही, पीएच कितीही खाली न्या. कुंडीतलं ते दाट निळं नर्सरीवाल्याने बाहेरून अल्युमिनियम सल्फेट पाजून आणलेलं असतं. त्या रंगावरून नर्सरीवाल्याच्या बादलीत काय होतं ते कळतं, आपल्या मातीबद्दल काहीच नाही. आणि मावशी वर्षभर नळाचं जड पाणी घालत होती, किटलीत पांढरा थर जमतो ना, तसलं. त्यातल्या बायकार्बोनेटने पीएच हळूहळू वर चढतो, आधीचं उरलंसुरलं अल्युमिनियम अडकून पडतं, आणि वर तिने "भरपूर फुलांसाठी" म्हणून फॉस्फरस जास्त असलेलं खत घातलं होतं. फॉस्फरस अल्युमिनियमला धरून बसतो. गुलाबी व्हायला अजून काय हवं?

तिला निळंच हवं होतं. तर करायचं असं: नवीन वाढ सुरू झाली की, कळ्यांना रंग दिसायच्या कितीतरी आधी, चार लिटर पाण्यात एक टेबलस्पून, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, अल्युमिनियम सल्फेट विरघळवायचं. आधी कुंडीला साधं पाणी देऊन ओलं करून घ्यायचं, कारण कोरड्या मुळांवर हे पाणी पडलं तर मुळं भाजतात. मग ओतायचं, पानांवर उडू द्यायचं नाही, आणि दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा. जास्त घातलं तर जास्त निळं होत नाही, पानांच्या कडा करपतात, तिथेच थांबायचं. तुरटीतही अल्युमिनियम असतं, थोडं कमी, तीही चालते. पाणी शक्यतो पावसाचं, खत कमी फॉस्फरसवालं. आणि उघडलेल्या फुलावर काहीही ओता, ते आता बदलणार नाही, पुढच्याच बहराला फरक दिसणार.

व्हिनेगर ओतणारे भेटतात, त्याने पीएच थोडा वेळ खाली जातो, अल्युमिनियम कुठून येणार? खिळे पुरणारेही असतात, खिळ्यातून लोखंड मिळतं, त्याने निळं होत नाही. वापरलेली कॉफी पावडर तर बऱ्याचदा फारशी आम्लधर्मी नसतेच. आणि पांढऱ्या जातींवर हे सगळे प्रयोग फुकट, त्यांच्यात मुळात हे रंगद्रव्यच नाही.

जमिनीत लावलेल्या झुडपाचं मात्र ऐकण्यासारखं असतं. मावशीच्या शेजारी एक जुनं झुडूप आहे, भिंतीकडच्या बाजूला गुलाबी, बाहेरच्या बाजूला निळं-जांभळं. भिंतीच्या सिमेंटमधला चुना वर्षानुवर्षं पावसाने त्या बाजूला उतरतोय, तिकडच्या मुळांना अल्युमिनियम मिळत नाही. पीएच किट न लावता एवढं कळतं. तरी त्यावरून आकडा काढायला जाऊ नये, कारण काही जाती मुळातच हट्टी गुलाबी असतात आणि फॉस्फरस जास्त असेल तर आम्लधर्मी मातीतही झाड निळं होत नाही.

मावशी परवा पुन्हा विचारत होती की फुलं आता हिरवट पडायला लागलीत, पीएच बिघडला का. नाही, ते म्हातारपण आहे, निदलं जुनी झाली की हिरवी होतात, सगळ्या मातीत. तिला सांगितलं की गेंदाच्या खालच्या पहिल्या चांगल्या पानांच्या जोडीच्या वर काप, आणि आत्ताच काप, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या याच फांद्यांवर लवकरच धरतील, उशीर केलास तर त्याच कापल्या जातील.