पाचशे शब्दांत सायली

नाशिकच्या गंगापूर रोडवर दर वर्षी थंडी सुरू झाली की दोन गोष्टी हमखास दिसतात: कोपऱ्याकोपऱ्यावर हुरड्याचे बोर्ड आणि परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरणारी मुलं. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईचं घर याच रस्त्यावर असेल, तर मुलांचे कागद आपोआप तिच्या टेबलावर येतात. कागद म्हणजे ‘पर्सनल स्टेटमेंट’. आपण कोण, काय केलं, हाच कोर्स का हवा, हे दिलेल्या मर्यादेत सांगायचं. मर्यादा बहुतेक वेळा 500 शब्दांची असते आणि मुलं लिहून आणतात हजाराच्या वर.

सायली ओझरची. सिव्हिल इंजिनीअर झालेली, पाण्याच्या व्यवस्थापनात मास्टर्स करायचं म्हणणारी. तिचा मजकूर 1140 शब्दांचा होता. ‘काकू, मी सगळीकडून थोडंथोडं कमी करून बघितलं, पण 800च्या खाली उतरतच नाही,’ ती म्हणाली.

हे सगळीकडून थोडंथोडं प्रकरण मला चांगलं ओळखीचं आहे. सगळ्यांना सारखा न्याय देण्याच्या नादात प्रत्येक परिच्छेद निम्मा होतो आणि हाती उरतात सात सांगाडे. एकाच्याही अंगावर मांस नसतं. त्यातही मुलं आधी ‘कारण’, ‘पण’, ‘म्हणून’ या अर्थाचे शब्द उडवतात, कारण ते काढले तरी वाक्य व्याकरणात बसतं. गोष्ट मात्र याच शब्दांनी पुढे सरकत असते. ते गेले की उरते नुसती यादी. ‘मी प्रोजेक्ट केला. मी इंटर्नशिप केली. मला पाण्यात रस आहे.’ म्हणून ‘पण’ सहसा कापायचा नाही, त्याच्या शेजारचं ‘अत्यंत’ खुशाल कापावं.

मी तिला समासात प्रत्येक परिच्छेदासमोर एकच वाक्य लिहायला सांगितलं: हा परिच्छेद काय सांगतो? तिने लिहिलं. आजीचं बोट धरून रामकुंडावर जायचे, 180 शब्द. दहावी-बारावी-इंजिनीअरिंगचे गुण, 150. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, 240. इंटर्नशिप, 130. हॅकेथॉन, एनएसएस आणि भरतनाट्यम, 160. तुमचं विद्यापीठ फार नामांकित आहे, 150. शेवटी स्वप्न आणि एका थोर माणसाचं वचन, 130.

ही वाक्यं सलग वाचली की दुखणं कुठं आहे ते लगेच कळतं. एकातून दुसरं निघतच नाही. कुठलीही दोन उलटसुलट केली तरी काही बिघडत नाही.

धागा मात्र होता, प्रोजेक्टच्या पोटात दडलेला. वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात पाणीवापर संस्था आहेत. त्यांना पाणी घनमापनाने मिळतं, म्हणजे किती एकर भिजलं यावर नाही, तर किती घनमीटर दिलं यावर हिशोब होतो. म्हणून चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटाच्या, तोंडाशी फ्ल्यूम बसवतात. ही सिमेंटची अरुंद घळ. तिच्या वरच्या अंगाला पाण्याची पातळी पट्टीवर वाचायची आणि तक्त्यावरून प्रवाह काढायचा. सायलीने मोजमाप केलेल्या एका चारीवर कागदोपत्री पाणी पूर्ण जात होतं, तरी टेलचे, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचे, शेतकरी कमी मिळाल्याची तक्रार करत होते. ती पट्टी तपासत बसली. पट्टी बरोबर होती. मग ती चारीच्या कडेने पुढे चालत गेली, तर खाली गाळ आणि गवत साचलेलं. त्याने पाणी तुंबून फ्ल्यूमच बुडीत झाला होता. अशा वेळी प्रवाह कमी असला तरी वरची पातळी चढलेली राहते आणि तक्ता जास्त पाणी दाखवतो. या सगळ्याच्या शेवटी, जाता जाता, तिने लिहिलं होतं: ‘पट्टी खरी असूनही मोजमाप खोटं निघू शकतं, हे मला तेव्हा कळलं.’

त्या वाक्याखाली मी रेघ मारली. नाशिकमध्ये राहून कापाकापीच्या लेखात द्राक्षाची छाटणी आणायची नाही, असं मी ठरवलं होतं, पण इलाज नाही. ऑक्टोबर छाटणीआधी बागायतदार काड्यांची डोळे तपासणी करून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली घड कितव्या डोळ्यात आहे ते बघतात आणि मगच काडी कुठे कापायची ते ठरवतात. न बघता कापली तर काडी नेटकी दिसते, घड मात्र तुटून खाली पडलेला असतो.

घड सापडल्यावर बाकीचं भराभर झालं. प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न: खोट्या मोजमापाशी तुझा काय संबंध? गुणांचा काहीच नव्हता. ते गुणपत्रिकेत आहेतच, म्हणून पदवीचा 20 शब्दांचा उल्लेख ठेवला. हॅकेथॉन आणि नृत्य सीव्हीत गेले. वचन गेलं, कारण थोर माणसाला प्रवेश नको होता. इंटर्नशिपमध्ये तिने मीटरचे आकडे तक्त्यात भरले होते आणि न पटणारे आकडे वेगळे काढले होते. हे नात्यातलं निघालं, म्हणून 75 शब्दांत राहिलं. विद्यापीठाची स्तुती काढून त्या जागी उघड्या कालव्यातला प्रवाह मोजण्याचा तिथला विषय आणि तिथल्या प्रयोगशाळेत तिला काय करून बघायचंय ते आलं, 115. शेवटी परत येऊन पाणीवापर संस्थांसोबत काय करायचं ते, 50. प्रोजेक्ट मात्र 240चा जेमतेम 230 झाला. एवढ्या कापाकापीत त्याला जवळजवळ हात लागला नाही, हे तिला विचित्र वाटलं. मला त्यात विचित्र काही वाटलं नाही.

रामकुंडाशी अडलं. ‘आजी काढायची?’ तिचे डोळे भरले. आजी कुणालाही प्रिय असते, पण मोजमापाच्या गोष्टीत ती काहीच करत नव्हती. रामकुंड नाशिकच्या निम्म्या अर्जांत असतं, टेलचा शेतकरी क्वचितच. आता पहिलं वाक्य चारीवरचं झालं.

एवढं कापल्यावर एक धोका मागे उरतो. लिहिणाऱ्याच्या डोक्यात जुना मजकूर तसाच असतो, त्यामुळे त्याला भोकं दिसत नाहीत. सायलीच्या शेवटच्या परिच्छेदात ‘त्या दिवसासारखंच’ असं होतं आणि तो दिवस आजीबरोबर निघून गेला होता. अशी अनाथ सर्वनामं आणि संदर्भ शोधायला मजकूर कधीच न वाचलेला माणूस लागतो. आम्ही तिच्या मावसभावाला बसवलं. तो कॉमर्सचा. त्याने दोन ठिकाणी ‘कुठला दिवस?’ आणि ‘हे ते कोण?’ विचारलं आणि चहा पिऊन गेला. मला इतका कामाचा वाचक फार वेळा मिळालेला नाही.

बेरीज 490 झाली. उरलेल्या दहा शब्दांत ‘विथ डिस्टिंक्शन’ बसवावं असं सायलीच्या वहिनींचं मत होतं. पण दहा शब्द मुद्दाम सोडायचे असतात. जोडरेघेने जोडलेला शब्द वर्ड एक धरतं, अर्जाचा चौकोन कदाचित दोन धरतो. काही चौकोन तर मर्यादेपुढचं न सांगता कापून टाकतात आणि पाठवलेलं निवेदन अर्ध्या वाक्यावर थांबतं. म्हणून चिकटवल्यावर पूर्वदृश्य उघडून शेवटचं वाक्य वाचायचं.

सायलीने चिकटवलं. चौकोनाने 496 दाखवले. सहा शब्द कुठून आले ते शोधायला ती लगेच पहिल्या ओळीपासून मोजत बसली.