ताई म्हणजे कोण?

शनिवार, रात्री साडेअकरा

तेरा जण आले. सोळा बोलावले होते. आमच्या मालिकेचा पायलट, म्हणजे नमुन्यादाखल केलेला पहिला भाग, बावीस मिनिटांचा, उरलेले सात भाग अजून कागदावर. निर्मात्यांचं म्हणणं, लोकांना दाखवा आणि मग पैशांचं बोलू. ते सरळ होतं. दाखवायचं कोणाला, यावर आमचे दोन आठवडे गेले.

दिग्दर्शकाला ओळखीचे लोक हवे होते, कारण ते 'मोकळेपणाने बोलतील'. मी म्हटलं, ओळखीचे लोक मोकळेपणाने कौतुक करतील. शेवटी अनोळखी लोक गोळा केले: एका वाचनालयातल्या चौघी, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी चार मुलं, एका सोसायटीतले पाच जण. गोष्ट सांगलीतल्या खानावळीची आहे, त्यामुळे पुण्याबाहेर वाढलेले निम्मे तरी असावेत एवढी काळजी घेतली. प्रत्येकाला तीनशे रुपयांचं पाकीट ठरलं होतं, ते आल्या आल्या हातात दिलं. शेवटी दिलं असतं तर माणसं पैसे मिळेपर्यंत गोड बोलली असती. निदान मी तरी बोललो असतो.

जागेवरूनही वाद झाला. दिग्दर्शकाला छोटं प्रेक्षागृह हवं होतं, अंधार, मोठा पडदा. पण अंधारात बसवलेला माणूस कैदी असतो, त्याला कंटाळा आला तरी जाणार कुठे? आमची मालिका लोक बघणार ती कणीक मळताना, नाहीतर जेवताना ताटाशेजारी मोबाईल टेकवून. म्हणून मित्राच्या रिकाम्या फ्लॅटचा हॉल घेतला, त्रेचाळीस इंची टीव्ही, दिवे चालू. फोन बाजूला ठेवा असं कोणालाच सांगितलं नाही. आतल्या खोलीत चहा उकळत होता, त्याचा वास येत होता, तेही बरंच.

मी टीव्हीच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून बसलो. समोर घड्याळ आणि बावीस ओळींचा कागद, मिनिटाला एक ओळ. कोण हसलं, कोणी फोन उचलला, कोणी शेजाऱ्याला काही विचारलं. दुसरं काही लिहायचं नाही.

रेडिओच्या जमान्यात, 1930 च्या दशकाच्या अखेरीस, पॉल लाझार्सफेल्ड आणि फ्रँक स्टँटन या दोन संशोधकांनी अमेरिकेत याच कामासाठी यंत्र बनवलं होतं. श्रोत्याच्या हातात दोन बटणं, आवडलं तर हिरवं दाबायचं, नावडलं तर लाल, काहीच वाटलं नाही तर कुठलंच नाही. कार्यक्रमाच्या कुठल्या क्षणी काय दाबलं गेलं त्याची कागदावर रेघ उमटे. माझ्याकडे बॉलपेन होतं. आमच्या लोकांना बटणं दिली असती तर ती त्यांनी पाहुणचार म्हणून हिरवीच दाबली असती, अशी मला दाट शंका आहे.

सहाव्या मिनिटाला पाच जणांनी फोन उचलले. नवव्या मिनिटाला, जिथे विनोद नाही तिथे, दोघी हसल्या. अकराव्या मिनिटाला मागच्या रांगेतली बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "ही तिची कोण?" पेन तिथेच थांबलं.

रविवार, दुपार

काल शो संपल्यावर लगेच गप्पा होऊ दिल्या नाहीत, आधी कागद भरून घेतले. तीनच प्रश्न. गोष्ट दोन ओळींत सांगा. खानावळीतल्या त्या दोन बायका एकमेकींच्या कोण? पुढच्या भागात काय होईल असं वाटतं? 'आवडलं का' हा प्रश्न मुद्दाम टाळला. त्याला मराठीत एकच उत्तर असतं, 'छान आहे', आणि तेच उत्तर आपण पाहुण्याकडच्या अळणी पिठल्यालाही देतो.

गप्पा सुरू झाल्यावर सोसायटीतले एक काका म्हणाले, "पात्रं ठसठशीत नाहीत." पुढच्या दहा मिनिटांत पाच जणांनी तोच शब्द वापरला. दिग्दर्शक पडलेल्या चेहऱ्याने 'ठसठशीत' लिहून घेत होता. रात्री कागद चाळले तर काकांचा सोडून एकाही कागदावर तो शब्द नाही. आधी लिहून घेतलं नसतं तर आज आम्ही पात्रं ठसठशीत करायला बसलो असतो.

खरी गोम दुसऱ्या प्रश्नात निघाली. त्या दोघी जावा आहेत. थोरली खानावळ चालवते, धाकटी नऊ वर्षांनी परत आलेली. तेरापैकी पाच जणांनी 'जावा' लिहिलं. चौघांनी सासू-सून, तिघांनी बहिणी, एकाने जागा कोरी ठेवली.

सासू-सून का, ते लगेच कळलं. थोरलीचं काम करणाऱ्या अभिनेत्रीचा अंबाडा आणि कपाळावर पांढऱ्या केसांची बट. मेकअपला आम्हीच शाबासकी दिली होती. बहिणी का, हे कळायला वेळ लागला. धाकटी थोरलीला 'ताई' म्हणते. आमच्या घरात काकू माझ्या आईला ताईच म्हणायची, त्यामुळे लिहिताना मला ते खटकलंच नाही. पण ज्याला आधीचं काही माहीत नाही त्याच्यासाठी ताई म्हणजे बहीण. मूळ संहितेत चौथ्या मिनिटाला 'जाऊबाई' असा स्पष्ट शब्द होता. एडिटमध्ये तो प्रसंग लांबला म्हणून चाळीस सेकंद कापली, त्यात गेला. कापा म्हणणारा मीच.

आता सहाव्या मिनिटाचे फोनही उलगडले. तिथे त्यांचं पहिलं भांडण आहे. या दोघींची जुनी तेढ ठाऊक नसेल तर ते नुसतं मीठ जास्त पडल्यावरून चाललेलं भांडण वाटतं. लोक कंटाळले नव्हते, हरवले होते. फोन दोन्ही वेळा सारखाच उचलला जातो, ही खरी अडचण. म्हणून मिनिटांचा कागद आणि उत्तरांचे कागद शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

मंगळवार

उपाय सगळ्यांकडे आहेत. वाचनालयातल्या एकीने सुचवलं होतं, धाकटीच्या नवऱ्याला दाखवा. अभ्यासिकेतल्या मुलाने सुचवलं, सुरुवातीला निवेदन टाका. प्रेक्षकाला कुठे दुखतंय ते ऐकावं, औषध त्याच्याकडून घेऊ नये. नवरा आणला तर दुसऱ्या भागापासूनचं सगळं कोसळतं.

माझा पहिला तोडगा: धाकटीने भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणावं, "भाऊजींचा फोटो अजून इथेच?" संकलकाने ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "बहिणीच्या नवऱ्याला तू काय म्हणतोस?" भाऊजी. म्हणजे बहिणी समजणाऱ्या तिघांची खात्रीच पटली असती.

शेवटी पोळ्या लाटणारी बाई कामी आली. तिसऱ्या मिनिटाला ती कॅमेऱ्याकडे पाठ करून तव्याशी उभी आहे, ओठ दिसत नाहीत. तिच्या तोंडी डबिंगमध्ये एक वाक्य घातलं: "दोन्ही सुना एका ओट्याशी! म्हातारी असती तर दृष्ट काढली असती." पुन्हा शूटिंग नाही, अर्ध्या तासाचं काम. शिवाय वाक्य बरं आहे, मूळ 'जाऊबाई'पेक्षा बरं.

बुधवार, पहाटे

झोप नाही. तिसऱ्या प्रश्नाचे कागद परत वाचतोय.

पायलटच्या शेवटी धाकटीला माळ्यावर लोखंडी ट्रंक सापडते. आत फोटो, त्यातला एक चेहरा कापलेला. माझ्या मते अख्खा सीझन या ट्रंकेवर उभा आहे. पुढे काय होईल, याच्या उत्तरात ट्रंक लिहिणारे दोन. दोघी एक होतील की नाही, अशा वळणाचं लिहिणारे चार. उरलेल्या सातांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलंय: उद्याचे चाळीस डबे कोण करणार?

ती ओळ मी भरतीची म्हणून लिहिली होती. कारखान्यातून फोन येतो, उद्यापासून चाळीस डबे, थोरली हो म्हणून बसते, घरात पीठ नाही. नववं मिनिट. जिथे त्या दोघी हसल्या होत्या. त्या विनोदाला हसल्या नव्हत्या. 'घेतलं ओढवून' म्हणून आपण जसं हसतो तशा हसल्या होत्या.

अशा वेळी माझ्या धंद्यातली माणसं अमेरिकेच्या 'साइनफेल्ड'चं नाव घेतात. त्याचा पायलट चाचणीत कमकुवत ठरला, 5 जुलै 1989 ला कसाबसा दाखवला गेला, पुढे फक्त चार भाग मंजूर झाले, आणि तरी मालिका नऊ सीझन चालली. म्हणजे प्रेक्षकांचं ऐकू नका. मला हे उदाहरण आवडेनासं झालंय. चाचणीत पडून नंतर खरंच पडलेल्या मालिकांची नावं कोणाला पाठ असतात? आणि माझ्या तेरा जणांनी वाईट म्हटलेलंच नाही. त्यांनी फक्त ट्रंक सोडून डबे उचललेत.

पहिल्या भागाचा शेवट पहाटे चारच्या गजरावर करायचा. ट्रंक पाचव्या भागात. दुसरा, तिसरा, चौथा नव्याने लिहायचे.

शनिवार, रात्र

दुसरी चाचणी. लोक नवे. जुन्यांना पुन्हा दाखवण्यात अर्थ नव्हता, त्यांना आता सुना ठाऊक आहेत. नऊ जण आले. आठांनी 'जावा' लिहिलं. नवव्याने 'भागीदार' लिहिलं, तेही अगदी चूक नाही. सहाव्या मिनिटाला एक फोन उचलला गेला, तोही वाजला म्हणून.

दोन्ही वेळा शेवटी एक गोष्ट केली. चहानंतर सांगितलं, दुसरा भाग शूट झालेला नाही, पण आम्ही तो वाचून दाखवणार आहोत, दहा मिनिटं लागतील. थांबायचं त्यांनी थांबा, घाई असेल त्यांनी निघा, पैसे तर मिळालेच आहेत. मग कोण चपला शोधतंय ते बघायचं. गेल्या शनिवारी तोंडाने सगळ्यांनी छान म्हटलं आणि थांबले चार, त्यातली एक रिक्षाची वाट बघत होती. आज नऊपैकी सहा थांबले.

दिग्दर्शकाने लगेच टक्के काढले आणि निर्मात्यांना पाठवायला निघाला. मी फोन धरला. नऊ माणसांचे टक्के काढायचे नसतात, दोघांची बस चुकली तर आकडा उलटतो. एवढ्या लोकांतून फार तर काय बिनसलंय ते कळतं, किती लोक बघतील ते नाही. आणि दुसरं म्हणजे, आज साडेसातपासून धो धो पाऊस होता. सहापैकी किती जण डब्यांसाठी थांबले आणि किती जण छत्री नव्हती म्हणून, मला सांगता येणार नाही.

निर्मात्यांना तसंच लिहिलं, पावसासकट. त्यांचं उत्तर अकराला आलं: सात नाही, आधी तीन भाग करा.

वाचन संपल्यावर एक बाई दारात छत्री उघडत थांबल्या. त्यांच्याकडे छत्री होती, हे मी नोंदवून ठेवलंय. म्हणाल्या, "चाळीस डब्यांना दीड किलो तूरडाळ म्हणताय, पुरणार नाही हो. कारखान्यातली माणसं आहेत, वाटीभर आमटी तरी हवी ना? अडीच किलो तरी घ्या."

संहितेत दुरुस्त केलं.